कपाटातला ‘तो’ नातवाला कसा सापडतो?

दिवाळीच्या आधीची दुपार. भाजणीचं पीठ मोहन घालून मळून झालं आहे, कढईत तेल तापत आहे आणि आजी नातवाला सांगते, “अरे, कपाटातला तो काढ बघू. आणि त्यातली ती चांदणीची घे, दुसरी नको.” नातू वरच्या कप्प्यातून सोऱ्या काढतो, डबीतून चांदणीच्या भोकाची चकती शोधतो आणि दोन्ही आजीच्या हातात देतो. एकाही वस्तूचं नाव उच्चारलं गेलेलं नाही, तरी काम झालेलं आहे.

आजीच्या बाजूने पाहिलं तर तिला वस्तूचा विसर पडलेला नाही. सोऱ्याचा आकार, त्याची जागा, त्याचं काम, कोणती चकती हवी, सगळं तिला ठाऊक आहे. फक्त नावाचे ध्वनी त्या क्षणी हाताशी येत नाहीत. यालाच आपण शब्द जिभेवर असणं म्हणतो. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये या अवस्थेचा प्रयोगातून अभ्यास केला. विद्यार्थ्यांना क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवले आणि शब्द विचारले. शब्द न आठवणाऱ्यांनाही त्याचं पहिलं अक्षर किंवा त्यात अवयव किती, हे पुष्कळदा बरोबर सांगता आलं. म्हणजे अर्थ आणि उच्चार मनात वेगवेगळे साठवलेले असतात. वय वाढतं तसा त्यांना जोडणारा दुवा सैल होतो, आणि जो शब्द वर्षातून एकदाच लागतो त्याचा दुवा आधी सैल होतो. सोऱ्या नेमका तसाच शब्द आहे.

आजीने ‘तो’ म्हटलं, याला फार महत्त्व आहे. इटालियन भाषेतही नामांना लिंग असतं, आणि तिथे 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं की शब्द जिभेवर अडकलेला असतानाही लोक त्याचं लिंग, नुसत्या अंदाजाने जमेल त्याहून कितीतरी जास्त वेळा, बरोबर सांगतात. आजीचंही तसंच झालं असावं. मात्र मराठीत नाव न सुचलेल्या कोणत्याही वस्तूला सर्रास ‘ते’ म्हणतात, त्यामुळे ‘ते आण’ यातून फारसं काही कळत नाही. ‘तो’ आणि ‘ती’ हे खरे धागे.

आता नातवाचा शोध. कपाटात किसणी आहे, पुरणयंत्र आहे, खलबत्ता आहे, झारा आहे आणि सोऱ्या आहे. ‘तो’ म्हटल्याबरोबर किसणी आणि पुरणयंत्र बाद झाले. पीठ मळून झालंय, काही कुटायचं नाही, म्हणून खलबत्ता गेला. झारा तळताना लागेल, पण त्याला चांदणीची ‘ती’ कुठून असणार? राहिला सोऱ्या. ही सगळी वजाबाकी क्षणात होते, आणि तिला पाया असतो तो मागच्या दिवाळीचा, जेव्हा याच नातवाने सोऱ्याचा दांडा फिरवला होता. ज्या मुलाने चकल्या पाडताना कधी पाहिलंच नाही, त्याला हेच वाक्य ऐकून कपाटासमोर नुसतं उभं राहावं लागेल. त्याने न लाजता “त्याने काय करायचंय?” असं विचारावं. काम सांगणं आजीला नाव सांगण्यापेक्षा सोपं जातं.

शब्द अडला असताना ऐकणाऱ्याने भलतीच नावं सुचवत बसू नये. पहिलं अक्षर पुरवणं सर्वांत उपयोगी. “सो...” म्हटलं की बहुधा पुढचं आजीच पूर्ण करते. तेवढ्यानेही जमलं नाही तर शब्द सांगून टाकावा. अडलेल्या अवस्थेत जास्त वेळ झगडलं तर पुढच्या वेळी तोच शब्द पुन्हा अडण्याची शक्यता वाढते, असं कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांना 2008 मध्ये आढळलं.

हा विसर साधा आहे की नाही, हे ओळखण्याची खूण याच प्रसंगात आहे. नातवाने ‘किसणी?’ विचारलं तर आजी लगेच ‘नाही’ म्हणते, आणि ‘सोऱ्या’ ऐकताच ‘हां, तोच’ म्हणते. असं होत असेल तर घाबरायचं कारण नाही. नाव ऐकूनही वस्तू ओळखता येत नसेल, सोऱ्या हातात घेऊन त्याचं काय करायचं हे सुचत नसेल, रोजच्या ताट-वाटीचीही नावं जात असतील किंवा तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा येत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नये, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. आणि बोलता बोलता अचानक शब्द सुचेनासे झाले, जीभ अडखळली, तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा एका हातातलं बळ गेलं, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून आजीला लगेच रुग्णालयात न्यावं.