डेंग्यूत प्लेटलेट्स का घटतात आणि रोजचा अहवाल कसा वाचावा?

पावसाळ्यात घरात कोणाला डेंग्यू झाला की प्लेटलेट्सच्या आकड्याकडे साऱ्यांचे डोळे लागतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या दोन बाजूंनी घटतात. आरंभीच्या दिवसांत विषाणूमुळे अस्थिमज्जेतील निर्मिती मंदावते. पुढे रोगप्रतिकारशक्ती जागी झाली की तिने निर्माण केलेली काही प्रतिपिंडे प्लेटलेट्सनाही चिकटतात आणि प्लीहा व यकृतातील भक्षक पेशी त्यांना गिळंकृत करतात. म्हणूनच ताप उतरत असताना आकडा वेगाने खाली येतो.

मात्र डेंग्यूतील मोठा धोका प्लेटलेट्स घटण्यापेक्षा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्यात असतो. द्रव बाहेर गेला की रक्त दाट होते आणि अहवालातील ‘हिमॅटोक्रिट’ (काही ठिकाणी ‘पीसीव्ही’) वाढतो. त्यामुळे हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत.

एक उदाहरण घेऊ. तापाच्या तिसऱ्या दिवशी रुग्णाच्या प्लेटलेट्स १,४२,००० आणि हिमॅटोक्रिट ४० टक्के आहे. पाचव्या दिवशी ताप उतरतो, घरचे निश्चिंत होतात. पण प्लेटलेट्स ५८,००० आणि हिमॅटोक्रिट ४८ होतो. मूळ ४० च्या तुलनेत ही वीस टक्के वाढ आहे. द्रव झिरपत असल्याची ही ठळक खूण असून खरी कसोटी याच दिवशी असते. शिरेतून द्रव दिल्यावर सहाव्या दिवशी प्लेटलेट्स ४१,००० भरतात, पण हिमॅटोक्रिट ४३ वर येतो, लघवी नीट होते, भूक लागते. आकडा सर्वांत खाली असूनही रुग्ण सुधारत आहे. आठव्या दिवशी प्लेटलेट्स ८२,००० होतात. मात्र हिमॅटोक्रिट उतरताना नाडी जलद आणि हातपाय गार असतील, तर ती सुधारणा नव्हे. अंतर्गत रक्तस्राव असू शकतो.

दोन अहवालांत पाच-सात हजारांचा फरक यंत्रामुळेही पडतो. म्हणून तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. नळीत प्लेटलेट्सच्या गुठळ्या झाल्यास यंत्र त्या कमी मोजते. आकडा अनपेक्षितपणे खाली गेला, तर काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घेता येते.

रक्तस्राव नसताना केवळ आकडा घटला म्हणून बाहेरून प्लेटलेट्स देण्याने सहसा लाभ होत नाही. शरीर त्याही नष्ट करते. साधारणपणे दहा हजारांखाली गेल्यावर डॉक्टर त्याचा विचार करतात. पोटात तीव्र वेदना, सततची उलटी, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, ग्लानी किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास आकडा ऐंशी हजार असला तरी रुग्णालय गाठावे. तापासाठी अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये. त्यांनी उरलेल्या प्लेटलेट्सचेही कार्य बिघडते.