लोकांनी ३६ पिंपं बिअर रस्त्यावर ओतली, त्यातून पिल्सनर जन्माला आली

साल १८३८. आजच्या चेक प्रजासत्ताकातलं पिल्झेन शहर. तिथली बिअर इतकी बिघडायला लागली की वैतागलेल्या लोकांनी ३६ पिंपं बिअर टाऊन हॉलसमोर ओतून दिली, असं सांगतात.

मग शहरातल्या लोकांनी मिळून नवी ब्रुअरी काढली आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा माणूस आणला. ऑक्टोबर १८४२ मध्ये त्याने जी बिअर बनवली ती सोनेरी आणि पारदर्शक होती. तिला शहराचंच नाव पडलं, पिल्सनर.

ग्रोलच्या हाताशी फिकट माल्ट, तिथलं मऊ पाणी, थंडीत काम करणारं यीस्ट आणि जवळच पिकणारे साझ हॉप्स एवढंच होतं. साझ हे 'नोबल' हॉप्सपैकी एक. यांच्यात कडूपणा कमी, साधारण ३ ते ४ टक्के अल्फा ॲसिड, आणि वास मंद, गवताफुलांसारखा.

अडचण इथेच आहे. मसालेदार रश्श्यात थोडं काही चुकलं तरी खपून जातं, साध्या वरणात लगेच कळतं. पिल्सनरमध्येही चूक लपवायला ना भाजलेल्या माल्टची चव असते, ना उग्र हॉप्सचा वास.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे बटरचा वास. साखर खाताना यीस्ट एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं पुढे डायॲसिटिल बनतं. पॉपकॉर्नवरच्या बटरला जो वास असतो, तोच हा. यीस्टला वेळ दिला तर ते डायॲसिटिल परत शोषून घेतं. पण पिल्सनर साधारण १० अंशांवर आंबवतात आणि त्या थंडीत हे काम रेंगाळतं.

म्हणून साखर संपत आली की अनेक ब्रुअर तापमान १५-१६ अंशांपर्यंत वाढवून दोन-तीन दिवस थांबतात. मग चाचणी घेतात. बिअरचे दोन झाकलेले नमुने घ्यायचे, एक ६० अंशांच्या पाण्यात साधारण २० मिनिटं ठेवायचा, मग दोन्ही थंड करून हुंगायचे. गरम केलेल्यालाच बटरचा वास आला, तर डायॲसिटिल अजून बनायचं बाकी आहे. अशी बिअर घाईने गाळून भरली तर वास बाटलीत येतो आणि तो शोषायला तिथे यीस्ट उरलेलं नसतं.

दोन्ही नमुने स्वच्छ निघाले की बिअर शून्य अंशाच्या आसपास काही आठवडे ठेवतात. जर्मनमध्ये 'लागर्न' म्हणजे साठवून ठेवणं, लागर हे नाव त्यावरूनच आलं. या मुदतीत यीस्ट आणि गढूळपणा तळाशी बसतो, गंधकाचा वास उतरतो, चव गोल होते.

एवढे आठवडे टाकी अडकून पडते, तेवढ्या दिवसांत एलसारख्या बिअरच्या दोन खेपा निघाल्या असत्या. घाई केली तर पहिल्याच घोटात कळतं.