‘कॅन’ ऐकलं, निघालं ‘कॅन्ट’ : इंग्रजीत गिळले जाणारे छोटे शब्द

आमच्या एका माजी विद्यार्थ्याला आखातातल्या एका हॉटेलात नोकरी लागली. तिथल्या अमेरिकन मॅनेजरने त्याला मोबाइलवर व्हॉइस मेसेज पाठवला. मुलाने तो तीनदा ऐकला, घरी अम्मी-अब्बूंना ऐकवला आणि रविवारी रात्री बॅग घेऊन थेट कंपनीच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये पोहोचला. वॉचमनने आत घेतलं नाही. यादीत त्याचं नावच नव्हतं. पुढच्या पाच रात्री भाड्याच्या खोलीत काढाव्या लागल्या आणि पहिला पगार हातात येण्याआधीच डोक्यावर उधारी झाली.

नंतर त्याने तो मेसेज आम्हाला पाठवला. “सर, तुम्हीच ऐका. तो ‘कॅन स्टे’च म्हणतोय ना?” आम्ही ऐकला. लिहून काढला तर वाक्य असं होतं : “यू कॅन स्टार्ट ऑन मंडे, बट यू कॅन्ट स्टे इन द स्टाफ क्वार्टर्स टिल दि एन्ड ऑफ द वीक.” म्हणजे सोमवारी कामावर ये, पण आठवडा संपेपर्यंत क्वार्टर्समध्ये राहता येणार नाही. पण मॅनेजरच्या तोंडून प्रत्यक्ष जे बाहेर पडलं, ते देवनागरीत लिहायचं तर साधारण असं : “य कन् स्टार्ट ऑन मंडे, बट्य कॅन् स्टे इन्द स्टाफ क्वार्टर्स टिल दी एन्डअद वीक.”

आता नीट बघा. वाक्यात पहिला शब्द ‘कॅन’ होता, तो ‘कन्’ झाला, इतका हलका की मुलाला तो ऐकूच आला नाही. दुसरा शब्द ‘कॅन्ट’ होता. त्यातला ‘ट’ घशातच अडला आणि उरलं ठसठशीत ‘कॅन्’. म्हणजे वर्गात आम्ही ‘कॅन’ म्हणून जो आवाज शिकवला होता, तो त्या अख्ख्या मेसेजमध्ये एकदाच आला, आणि नेमका ‘नाही’ सांगायला आला. मुलाच्या कानाचा दोष नव्हता. शिकवलं होतं तेच त्याने ऐकलं.

इंग्रजीत असे सुमारे 40 छोटे शब्द आहेत, ज्यांची दोन-दोन रूपं असतात. एक ठळक, एक दुबळं. टू, ऑफ, कॅन, अँड, फॉर, फ्रॉम, हॅव, वॉज हे त्यातलेच. ही काही हल्लीची फॅशन नाही, आळशी बोलणंही नाही. लंडनच्या डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारांचा कोश 1917 साली निघाला, त्यातही अशा शब्दांची दोन्ही रूपं दिलेली आहेत. सुशिक्षित इंग्रज माणूस साध्या बोलण्यात दुबळं रूपच वापरतो. ठळक रूप ठरावीक जागीच येतं.

दुबळ्या रूपात होतं काय? शब्दातला स्वर निघून जातो आणि त्या जागी ‘घर’मधल्या ‘घ’नंतर येतो तसा छोटासा ‘अ’ उरतो. ‘टू’चा ‘ट’ होतो, पण ‘टपाल’मधल्या ‘ट’सारखा, त्यातला अ बोलायचा. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर मात्र ‘टु’ राहतो, जसं ‘टुईट’. ‘ऑफ’चा ‘अव्’ होतो आणि घाईत नुसता ‘अ’. ‘कॅन’चा ‘कन्’ होतो. गंमत म्हणजे हा ‘अ’ आपल्याकडे भरपूर आहे, मराठीत आणि उर्दूतही. जीभ अडण्याचं काही कारण नाही. अडतो तो कान, कारण तो ‘टू’ची वाट बघत बसतो. ‘टू’ येतच नाही, आणि वाट बघेपर्यंत पुढचे दोन शब्द निघून गेलेले असतात.

वर्गात आम्ही ‘अ कप ऑफ टी’चं उदाहरण देतो. भराभर म्हटलं की ‘कपअटी’ होतं. ‘प’ पूर्ण म्हणून ‘कपटी’ म्हणा, जवळजवळ तेच. मुलं हसतात आणि आठवडाभर एकमेकांना “कपटी घेणार का?” विचारत फिरतात. पण ‘ऑफ’ कुठे गेला, हे त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही.

हे परकं वाटायचंही कारण नाही. पुस्तकात आपण ‘तो आला आहे’ असं वाचतो आणि घरी ‘आलाय’ म्हणतो. ‘कुठे आहे’चं ‘कुठंय’ होतं. पुस्तकावरून मराठी शिकलेला एखादा परदेशी माणूस ‘आहे’ शोधत बसला, तर त्याची अवस्था आपल्या मुलांसारखीच होईल. ज्यांच्या घरी शायरीचं वातावरण आहे, त्यांना दुसरं उदाहरण जास्त पटेल. शेराची तक़ती करताना ‘से’, ‘को’, ‘का’, ‘भी’ या शब्दांचा दीर्घ स्वर गरज पडली की ‘गिराया’ जातो. कागदावर अक्षर पूर्ण असतं, वजनात ते छोटं मोजलं जातं. इंग्रजी माणूस रोजच्या बोलण्यात हेच करतो. लिहितो पूर्ण, बोलताना गिरवतो.

तो असं का करतो, याचं मूळ तालात आहे. मराठीत आणि उर्दूत जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रजीत वाक्यातले काही मोजके शब्द ठोकून बोलतात आणि बाकीचे त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत कोंबले जातात. हे वाक्य घ्या : “आय वॉन्ट टू गो टू दि एन्ड ऑफ द रोड.” मोजा, दहा शब्द आहेत. ठोके मात्र चारच : वॉन्ट, गो, एन्ड, रोड. उरलेले सहा शब्द त्या चौघांमध्ये दाबून बसवायचे, मग ‘टू’ला पूर्ण ‘ऊ’ बोलायला वेळ उरतोच कुठे? ऐकू येतं ते “आ वॉन्टटगो टदी एन्डअद रोड”. हे वाक्य नैसर्गिक वेगात ऐकवून आम्ही मुलांना फक्त शब्द मोजायला सांगतो, अर्थ नंतर. बहुतेक जण पाच किंवा सहा सांगतात.

इथे आम्हा शिक्षकांनी आपली चूक कबूल करायला हवी. श्रुतलेखन घालताना आम्ही एकेक शब्द सुटा, घासूनपुसून बोलतो : “आय… कॅन… गो… टू…” स्पेलिंगसाठी ते ठीक आहे. पण दहा वर्षं मुलाने ‘टू’ आणि ‘कॅन’ फक्त असेच ऐकले, तर दुबळं रूप हा त्याच शब्दाचा आवाज आहे, हे त्याला कळणार कुठून? शिवाय आपल्याकडची इंग्रजीही, ऑफिसातली आणि बातम्यांमधलीसुद्धा, बरीचशी पूर्ण शब्दांचीच असते. आपण एकमेकांचं इंग्रजी सहज समजतो. परदेशी माणसाचा फोन आला की पंचाईत होते.

लिहिलेला शब्द कानाला किती फसवतो, याचा पुरावा खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांकडे आहे. ‘शुड हॅव’मधला ‘हॅव’ दुबळा होऊन ‘अव्’ होतो, आणि ‘ऑफ’चं दुबळं रूपही ‘अव्’च. आवाज एकच. म्हणून त्यांच्यातले कितीतरी जण लिहिताना ‘शुड ऑफ’ लिहितात आणि शाळेत बोलणी खातात. त्यांची चूक आपल्या उलट आहे. ते आधी ऐकून शिकले, म्हणून लिहिताना चुकतात. आपण आधी वाचून शिकलो, म्हणून ऐकताना.

आता मूळ प्रश्न. ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ ओळखायचे कसे? ‘ट’च्या मागे लागू नका, तो बहुतेक वेळा सापडणार नाही. ठोका कुठे पडतो ते ऐका. “य कन् स्टार्ट”मध्ये ठोका एकच आहे, ‘स्टार्ट’वर. त्याच्याआधी काहीतरी पुसट सरकून गेलं, तर ते ‘कॅन’, म्हणजे ‘हो’. “य कॅन् स्टे”मध्ये ठोके दोन आहेत, ‘कॅन्’वर एक आणि ‘स्टे’वर एक. ‘ॲ’ स्वच्छ ऐकू आला आणि लगेच क्रियापदही ठळक आलं, तर ते ‘नाही’ समजायचं. मुलाला हे सांगून तोच मेसेज पुन्हा ऐकायला लावला. दुसऱ्या वेळेला तो स्वतःच म्हणाला, “सर, पहिला तर नुसता ‘क’ आहे.” ब्रिटिश माणसाच्या बाबतीत काम सोपं असतं. इंग्लंडच्या दक्षिणेकडे ‘कान्ट’ म्हणतात. लांब ‘आ’ कानावर पडला की विषय संपला.

या खुणेला मर्यादा आहेत. वाक्याच्या शेवटी ‘कॅन’ दुबळा होत नाही. “येस, आय कॅन” यात ‘कॅन’ ठळकच येतो आणि तो होकारच असतो. जोर देऊन कुणी “आय कॅन डू इट” म्हणालं, तरी तसंच. ‘टू’ आणि ‘ऑफ’चंही शेवटी हेच होतं. “व्हॉट इज इट मेड ऑफ?” यात ‘ऑफ’ स्पष्ट ऐकू येतो, फक्त शेवटी ‘फ’ऐवजी ‘व्ह’. आणि बोलणारा आपल्या देशातला असेल तर ही खूण सोडूनच द्या. आपल्यातले बरेच जण होकारातही पूर्ण ‘कॅन’ म्हणतात.

पैसे, तारीख, औषध किंवा राहण्याची जागा असा विषय असेल तर अंदाजावर राहू नये. सरळ विचारावं : “कॅन, ऑर कॅनॉट?” ‘कॅनॉट’ कितीही घाईत बोललं तरी त्यातला ‘नॉट’ लपत नाही. यात कमीपणा नाही. गोंगाटात किंवा फोनवर अमेरिकन माणसंही एकमेकांना असंच विचारून घेतात.

याचीच दुसरी बाजू त्या मुलाला पुढच्या महिन्यात कळली. सुपरवायझरने विचारलं, शुक्रवारी जादा ड्यूटी करशील का? याने आपल्या वर्गातल्या पद्धतीने ठासून सांगितलं, “आय कॅन वर्क ऑन फ्रायडे.” ‘कॅन’ ठळक, ‘वर्क’ ठळक, दोन ठोके. सुपरवायझरने ते ‘कॅन्ट’ ऐकलं आणि ड्यूटी दुसऱ्याला दिली. आता तो ‘आय कन् वर्क’ म्हणायची सवय करतोय. तोपर्यंत आम्ही त्याला नुसतं “येस, आय कॅन” म्हणून थांबायला सांगितलंय.