कप उचलताना कोपर का दुखतं?

चहाचा कप उचलताना कळ कोपराच्या बाहेरच्या बाजूला येते, पण ताण पडलेला असतो मनगटावर. पकड घट्ट होताना मनगट वाकू नये म्हणून जे स्नायू ते सावरतात, त्यांचा कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेला असतो. माउसवर तासन्‌तास मनगट उचललेलं राहिलं की त्याची झीज भरून निघायला उसंत मिळत नाही. हाच टेनिस एल्बो. टेनिस न खेळणाऱ्यांनाही होणारा.

हात पूर्ण बांधून ठेवला तर कंडरा आणखी दुबळा होतो. त्याला बेताचा भार हवा. हात टेबलावर ठेवा, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. हातात अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली धरा. दुसऱ्या हाताने मनगट वर न्या आणि चार सेकंदांत सावकाश खाली सोडा. असं दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर बाटलीतलं पाणी कमी करा. फरक पडायला दीड-दोन महिने लागतात, पूर्ण बरं व्हायला कधी वर्षही.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं, पण वर्षभराने अशा रुग्णांची स्थिती इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा वाईट आढळली आहे. बोटांना मुंग्या येत असतील किंवा मान दुखत असेल, तर मूळ मानेतही असू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा.