लिनिअर अल्जेब्रा राहिला? आधी शून्याची ओळ वाच

विषय राहिला म्हणून वही बांधून ठेवू नकोस. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मिळत असेल तर मागव आणि गेलेला प्रत्येक मार्क तीन ढिगांत टाक: आकडेमोड चुकली, व्याख्या आठवली नाही, की उत्तर आलं पण त्याचा अर्थ लावता आला नाही? बहुतेकांचा तिसरा ढीग मोठा निघतो. तिथूनच सुरुवात करू.

समज, म्हसवडच्या बाजारात एका दुकानातून तिघांनी ज्वारी, बाजरी आणि मटकी घेतली. पहिल्यानं एकेक किलो, बिल १५० रुपये. दुसऱ्यानं अनुक्रमे १, २, ३ किलो, बिल ३२०. तिसऱ्यानं २, ३, ४ किलो, बिल ४७०. किलोचे भाव काढायचे आहेत. रो अशा मांड:

(१ १ १ | १५०)
(१ २ ३ | ३२०)
(२ ३ ४ | ४७०)

दुसऱ्या ओळीतून पहिली वजा केली की (० १ २ | १७०). तिसरीतून पहिलीची दुप्पट वजा केली तरी (० १ २ | १७०). या दोन सारख्या ओळींची वजाबाकी केली की उरते (० ० ० | ०). इथंच अनेकजण 'काहीतरी चुकलं' म्हणून खाडाखोड करतात. चुकलेलं काहीच नसतं. तिसरं बिल म्हणजे पहिल्या दोन बिलांची बेरीज आहे, त्यानं नवं काही सांगितलंच नाही. अज्ञात तीन, रँक दोन, म्हणून एक भाव मोकळा. मटकी ७० धरली तर बाजरी ३० आणि ज्वारी ५०. मटकी ६० धरली तर बाजरी ५०, ज्वारी ४०. दोन्ही भाव तिन्ही बिलांत घालून बघ, जुळतात.

आता तिसरं बिल ४८० कर. शेवटची ओळ होते (० ० ० | १०). शून्य बरोबर दहा कसं होईल? म्हणजे उत्तरच नाही, कुठलं तरी बिल चुकलंय.

आता तीन आठवड्यांचं वेळापत्रक. पहिल्या आठवड्यात रोज अशी दोन गणितं हातानं सोडव. उत्तर मूळ समीकरणात घालून तपासल्याशिवाय पान उलटायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याच मॅट्रिक्सला नवे प्रश्न विचार: ओळी स्वतंत्र आहेत का, बेसिस कोणता, रँक आणि नलिटीची बेरीज कॉलमइतकी येते का? सोबत रोज एक व्याख्या न बघता लिही, कारण सिद्धतेचे मार्क आकडेमोडीनं मिळत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात आयगेन व्हॅल्यू घे. ती कर्णावरच्या आकड्यांतून वजा कर आणि पुन्हा तेच रो-ऑपरेशन. इथं शून्याची ओळ यायलाच हवी. आली नाही तर आयगेन व्हॅल्यू तरी चुकली आहे, नाहीतर वजाबाकी.

शेवटचे चार दिवस घड्याळ लावून जुने पेपर. प्रत्येक पेपरनंतर ते तीन ढीग पुन्हा मोज. तिसरा ढीग कमी होत नसेल, तर नवं गणित घेऊ नकोस. बिलांच्या त्या गणिताकडे परत ये.