आधी बिअर की आधी व्हिस्की?

मागच्या वेळी जाता जाता एकाने विचारलं होतं, "आधी बिअर, मग व्हिस्की घेतली की त्रास होतो म्हणतात, खरं का?" आज त्याचंच बघू.

ही म्हण इंग्रजीतली. जर्मन लोकांतही अशीच एक आहे, बिअर आणि वाइनच्या क्रमाची. ती तपासायला जर्मनीतल्या विटेन-हेर्डेके विद्यापीठात 90 जणांवर प्रयोग झाला. 2019 साली तो प्रसिद्ध झाला. काहींना आधी बिअर मग वाइन, काहींना उलट, तर काहींना एकच पेय दिलं. नशेची पातळी सगळ्यांची सारखीच ठेवली. आठवड्याने क्रम बदलून पुन्हा तेच केलं. दुसऱ्या दिवशीच्या त्रासात क्रमामुळे काही फरक पडला नाही. ज्यांना आपल्याला जास्त चढली असं वाटलं किंवा ज्यांना उलटी झाली, त्यांनाच पुढे त्रास जास्त झाला. आता, तिथे व्हिस्की नव्हती, हे आपण लक्षात ठेवू. पण शरीराला शेवटी अल्कोहोलच मोजावं लागतं, ते कुठल्या बाटलीतून आलं हे नव्हे.

मग म्हण टिकली कशी? हिशोब करून बघू. 650 मिलीची स्ट्राँग बिअर, 8 टक्क्यांची, म्हणजे 52 मिली अल्कोहोल. वजनात सुमारे 41 ग्रॅम. 60 मिलीचे दोन मोठे पेग, 42.8 टक्क्यांचे, म्हणजेही साधारण तेवढंच. पण बिअरला आपण "हलकी" म्हणतो, तिला हिशोबात धरतच नाही. वर दोन पेग घेतले की झाले एकूण 82 ग्रॅम. शिवाय तोवर भान सैल झालेलं असतं, त्यामुळे पेगही मापापेक्षा मोठा भरला जातो. सकाळी डोकं दुखलं की दोष शेवटी घेतलेल्या व्हिस्कीला!

आता आपल्या शीळफाट्याचं बोलू. समजा, 70 किलोच्या माणसाने रात्री नऊला सुरुवात करून हे 82 ग्रॅम घेतले. रक्तातली पातळी 100 मिलीला 170 मिलिग्रॅमच्या आसपास जाईल, असा हिशोब निघतो. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम कमी करतं. नऊ तासांत 135. म्हणजे सकाळी सहाला, कल्याण-शीळ रस्त्यावर बाईक काढताना, रक्तात अजून 35 मिलिग्रॅम उरलेले असू शकतात. कायद्याची मर्यादा आहे 30. माणसागणिक आकडा कमी-जास्त होईल, पण झोप झाली म्हणजे उतरली, असं होत नाही. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही.

तेव्हा मंडळी, आधी काय घेतलं हे विचारू नका. एकूण किती झालं ते विचारा, आणि त्यात बिअरही धरा.