वर्गमूळ कुठे संपते?

वहीच्या पानाचा फोटो बसमध्ये उभ्याने वाचता येत नाही, म्हणून अनेक विद्यार्थी त्यावरून ऐकण्याची संहिता तयार करतात. मजकुराला फारसा त्रास पडत नाही. अडते ते सूत्रापाशी.

बारावीच्या भौतिकशास्त्रातला साधा लंबक घ्या. पानावर T = 2π√(l/g) असे असते. फोटोतले अक्षर संगणकाने ओळखून घेतले, तर छोट्या l चा हमखास 1 होतो आणि हाताने काढलेला g कधी 9 वाटतो. म्हणून आधी फोटोशेजारी ठेवून सूत्र तपासायचे, मगच ते बोलीत आणायचे.

खरी मेख पुढे आहे. ‘टी बरोबर दोन पाय वर्गमूळ एल भागिले जी’ असे म्हटले, तर वर्गमूळ फक्त एलचे की पूर्ण भागाकाराचे? कागदावर वर्गमूळाच्या चिन्हाची आडवी रेघ ते सांगते. कानाला रेघ दिसत नाही. एक मीटर लांबीच्या लंबकावर पडताळून पाहा. जी ९.८ धरले आणि पूर्ण भागाकाराचे वर्गमूळ घेतले, तर आवर्तकाल सुमारे २ सेकंद येतो, आणि तो बरोबर आहे. फक्त एलचे वर्गमूळ काढून जीने भागले, तर उत्तर ०.६४ येते, आणि एककही सेकंद राहत नाही.

पुण्यात जन्मलेले दृष्टिहीन संगणकतज्ज्ञ टी. व्ही. रामन यांनी कॉर्नेल विद्यापीठातील पीएच.डी.साठी (१९९४) गणिती मजकूर ऐकवणारी ‘अ‍ॅस्टर’ ही प्रणाली तयार केली. घातांक आला की ती स्वर वर चढवते. आपल्या संहितेत ते काम शब्दांनी आणि विरामांनी करावे लागते:

‘टी म्हणजे आवर्तकाल. एल म्हणजे लंबकाची लांबी. जी म्हणजे गुरुत्व त्वरण. आता सूत्र. टी बरोबर, दोन गुणिले पाय, गुणिले वर्गमूळ. वर्गमूळाच्या आत: एल भागिले जी. वर्गमूळ संपले. कोन लहान असेल तरच हे चालते.’

शेवटचे वाक्य वहीत बहुधा समासात, बाण काढून खरडलेले असते आणि संहितेत गळते. ‘वरील आकृतीप्रमाणे’ हेही तसेच सोडू नये. आकृतीत काय आहे ते एका वाक्यात सांगावे. बी, डी, पी ही अक्षरे कानाला सारखीच वाटतात, म्हणून चिन्हाऐवजी राशीचे नाव घेतलेले बरे.

संहिता झाली की ती मित्राला ऐकवावी आणि पान न दाखवता सूत्र लिहायला सांगावे. त्याने रेघ एलवरच थांबवली, तर चूक आपल्या वाक्याची. लांबलचक सिद्धता मात्र या वाटेला नेऊ नये. चौथ्या ओळीला पहिली ओळ विसरलेली असते. तिच्यातला फक्त निष्कर्ष आणि त्याच्या अटी घ्याव्यात.